भिंतीपलीकडचे शंभर फूट

आमच्या सोसायटीत एक रीत आहे. मागच्या वर्षीच्या सभेत ज्याने मेंटेनन्सच्या बिलावरून सगळ्यात जास्त आरडाओरडा केला, त्यानेच पुढचं वर्षभर बिलं तपासायची. तपासनिसाची सही झाल्याशिवाय बिल कुणाच्या दारात जात नाही. ही रीत कुणी घातली कोण जाणे, पण माणूस हुशार असला पाहिजे. तक्रार करायला उठलेली निम्मी माणसं या भीतीनेच परत खाली बसतात.

मी बसले नाही. माझं घर तळमजल्यावर. लिफ्टशी माझा संबंध फक्त एवढाच की तिचा दरवाजा उघडा राहिला की ती माझ्या डोक्याशी किणकिणत बसते. तरी लिफ्टचा खर्च मी वरच्या मजल्यांइतकाच भरायचा? मागच्या सभेत मी अर्धा तास बोलले. शेवटी आमच्या सेक्रेटरींनी, जे पेशाने दातांचे डॉक्टर आहेत आणि समोरच्याचं तोंड बंद व्हायची वाट बघण्यात मुरलेले आहेत, शांतपणे कागदावर माझा फ्लॅट नंबर लिहिला. झाले मी तपासनीस.

"आता कळेल," आमचे हे म्हणाले.

"काय कळेल?"

"ते कळल्यावर सांग."

माझं औषधांचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे आजार आणि उधाऱ्या सांभाळते, त्यामुळे बारा घरांचं बिल तपासणं मला काही अवघड वाटलं नाही. आमच्या बिलाचे दोन भाग असतात. वॉचमन, सफाई, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे हा खर्च सगळ्या घरांत समान वाटायचा. घर मोठं असो की लहान, दारापुढचा केर तेवढाच. दुरुस्ती निधी आणि इमारतीचा विमा मात्र घराच्या क्षेत्रफळावर. ज्याचं घर मोठं, त्याच्या वाट्याला छप्पर आणि भिंती जास्त, म्हणून पैसेही जास्त. हे मला पटलं. लिफ्टचं अजूनही पटलं नव्हतं, पण ते असो.

यंदा त्यात मोठी भर पडणार होती. इमारतीला बाहेरून तडे गेले होते, गच्ची गळत होती. सगळ्या कामाचा खर्च काढला, तो एकूण क्षेत्रफळाने भागला, तर फुटाला शंभर रुपये आले. सहाशे फुटांच्या घराला साठ हजार. दहा हप्त्यांत द्यायचे, म्हणजे नेहमीच्या बिलावर महिन्याला सहा हजार जास्त. सभेत हे ऐकलं तेव्हा मला पहिली आठवण झाली ती धाकटीची.

धाकटी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची. तिथे शेजारी शेजारी दोन सख्ख्या भावांची घरं. सारखीच, सहाशे सहाशे फुटांची. मोठ्या भावाला सगळी इमारत थोरले म्हणते. ते आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आले, आणि दुसऱ्याचा वेळ आपल्या मालकीचा समजत आले. धाकटा भाऊ काही वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको ती धाकटी. शाळेचे गणवेश शिवते. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. बिल कधी थकवलं नाही, पण महिनाअखेरीला ती माझ्या दुकानात यायची तेव्हा रक्तदाबाची गोळी अख्खी पट्टी न घेता अर्धीच मागायची. मी काही बोलत नसे. अर्धी पट्टी कापून द्यायचे आणि नंतर उगाच चिडचिड करायचे.

तर बिलांचा तक्ता तपासायला घेतला आणि माझ्या मनात एक शंका आली. पहिल्या मजल्यावर, बरोबर धाकटीच्या घराखाली जे घर आहे, तिथे मी औषधं पोचवायला जाते. त्या घरात हॉलच्या उजव्या हाताला एक खोली आहे. धाकटीच्या घरात त्या जागी नुसती भिंत. मग तिचंही क्षेत्रफळ सहाशेच कसं?

दुसऱ्या दिवशी मी सरळ वर गेले. धाकटी मशीनवर बसली होती, गळ्यात टेप.

"वहिनी, जरा टेप द्या बघू."

"कशाला?"

"तुमचं घर मोजायचंय."

तिने टेप दिला, पण पायडलवरचे पाय थांबले. शिंप्याचा टेप तो, केवढासा! वाकून वाकून माझी कंबर गेली. पण आकडा निघाला. घर पाचशे फुटांचंच होतं. ती हॉलमधली भिंत ठोकून बघितली, तर नुसता विटांचा पातळ थर. पलीकडे थोरल्यांचा रेडिओ चालू होता.

"इथे दार होतं ना?" मी विचारलं.

"होतं."

"आणि ती खोली आता त्यांच्याकडे?"

"सासूबाईंच्या आजारपणात दिली होती." तिने धागा तोडला. "राहू द्या ना ताई. चाललंय ते चालू दे."

आता कुणीही शहाणं माणूस इथे थांबलं असतं आणि विचारलं असतं, की का राहू दे? मला वाटलं, बाई भिडस्त आहे. थोरल्यांना घाबरते. आणि एकदा मला असं वाटलं की माझं डोकं भडकतं, आणि भडकलेल्या डोक्याला कान नसतात. इतकी वर्षं ही बाई दुसऱ्याच्या खोलीचे पैसे भरतेय, अर्धी पट्टी गोळ्या घेऊन! मी तरातरा खाली आले ती थेट सेक्रेटरींच्या दवाखान्यात.

"शंभर फूट तिच्यातून काढा आणि थोरल्यांच्यात घाला," मी म्हटलं. "एकूण बेरीज बदलत नाही. बाकी दहा घरांना धक्का लागत नाही."

"भानगड नाही ना काही?" त्यांनी विचारलं. खुर्चीत एक पेशंट तोंड उघडं ठेवून पडला होता.

"मी स्वतः मोजलंय."

"तपासनीस म्हणेल ते," असं म्हणून त्यांनी हात धुतले. दोन्ही अर्थांनी, हे मला नंतर कळलं.

बिलं गेली. धाकटीला दुरुस्तीचा हप्ता धरून नऊ हजार दोनशे आलं असतं, ते आलं आठ हजार. थोरल्यांना दहा हजार चारशे. मी सही केली आणि त्या रात्री समाधानाने जेवले. थोरल्यांच्या तोफखान्याची वाट बघत होते. माझी सगळी उत्तरं तयार होती.

तोफखाना आलाच नाही. दोन दिवसांनी सेक्रेटरी दुकानात दातांची पेस्ट घ्यायला आले आणि हसत म्हणाले, "तुमच्या थोरल्यांनी चमत्कार केला. बिल मिळालं त्याच दिवशी संध्याकाळी पैसे भरले. एक शब्द नाही. वर पावतीवर क्षेत्रफळ स्पष्ट लिहा म्हणाले."

थोरले मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तेही जिन्यातला दिवा गेला होता म्हणून त्याचे पैसे कापा असा वाद घालून बिल भरणारे. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे भाजी निवडत होते.

"जास्तीचं बिल जो हसत भरतो," हे म्हणाले, "त्याला त्यात काहीतरी मिळालेलं असतं."

मी बिलांचा तक्ता काढून पुन्हा माझी सही बघितली.

धाकटी त्याच्या दुसऱ्याच दिवशी आली. दुकानात गर्दी नव्हती. तिने बिल काउंटरवर ठेवलं आणि त्यावर हात फिरवून घडी सरळ केली.

"ताई, मला माझं जुनं बिल द्या."

"अहो, पण बाराशे कमी झालेत महिन्याला."

"म्हणूनच." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांना भाऊजींकडे ठेवलं होतं. त्यांना वेगळी खोली हवी, म्हणून आमची ही खोली दिली. त्यांच्या बाजूने भिंत फोडून दार केलं. रात्रभर सांभाळायच्या बाईची ये-जा, लेकीची परीक्षा, म्हणून आमचं दार विटा लावून बंद केलं. आमचे हे म्हणाले होते, आई आहे तोवर. भाऊजी हो म्हणाले होते. लिहून कुणी घेतंय सख्ख्या भावांत? मग सासूबाई गेल्या, आणि वर्षाच्या आत हे गेले. मी कोणत्या तोंडाने खोली मागायची?"

"आणि आता?"

"आता लेक परत येतेय. तिला इकडे नोकरी लागलीय, तान्हं बाळ आहे. महिनाभर आधी मी भाऊजींकडे विषय काढला. ते म्हणाले, आता सवय झाली, कागदपत्रं बघू." तिने बिलाकडे बोट केलं. "माझ्याकडे कागद म्हणजे हाच होता, ताई. खरेदीखत पेटीत आहे, पण ते कोर्टाचं काम. दर महिन्याला ह्या बिलावर सहाशे लिहून यायचं आणि मी भरायची. भाऊजींनाही सहाशेच यायचं आणि ते मुकाट भरायचे. म्हणजे खोली कुणाची ते आम्हा दोघांनाही माहीत होतं."

"बिलावरून मालकी ठरत नाही," मी म्हटलं. पण ते मलाच पोकळ वाटलं.

"ठरत नाही. पण उद्या ते पहिला कागद हाच दाखवतील. म्हणतील, सोसायटीनेच मोजून दिलीय."

मला इतकी लाज वाटली की मी उगाच कपाटातल्या बाटल्या नीट करायला लागले. ती इतकी वर्षं चुकीचं बिल भरत नव्हती. ती आपली खोली धरून बसली होती. आणि मी टेप घेऊन जाऊन तिची बोटं एकेक करून सोडवली होती.

सेक्रेटरी म्हणाले, पैसे भरून पावती दिलेलं बिल असं परत फिरवता येत नाही. सभेत मांडावं लागेल, आणि मूळ पावती परत यायला हवी. ती थोरल्यांकडे.

रविवारी सकाळी सभा पार्किंगमध्ये भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दोन स्कूटरच्या मधे टेबल. थोरले पहिल्या रांगेत, शर्टाला कडक इस्त्री. शेजारी थोरल्या वहिनी, मांडीवर पर्स घेऊन. धाकटी सगळ्यात मागे.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "तपासनीस म्हणून मी एक चूक केली आहे. दुसऱ्या मजल्यावरची दोन बिलं मी बदलली. ती जुन्यासारखी करायची आहेत."

मी चूक कबूल करतेय हे लोकांना पचायला वेळ लागला.

"चूक कसली?" थोरले उठले. "तुम्ही मोजलंत ना? आकडा खोटा होता का?"

"आकडा खरा होता."

"मग झालं तर. खोली माझ्या दाराने उघडते, मी वापरतो, मी पैसे भरले. जो वापरेल तो भरेल. यात अन्याय कुठे आहे? उलट तिचा बोजा कमी झाला."

माना डोलल्या. ऐकायला किती चोख वाटतं! आणि मला जाणवलं की हे वाक्य माझंच आहे. मागच्या वर्षी याच टेबलापाशी उभी राहून मी अर्धा तास हेच बोलले होते. जो वापरेल तो भरेल. आता याला उत्तर द्यायचं तर माझ्याच तक्रारीवर पाणी सोडावं लागणार होतं. क्षणभर जिवावर आलं, खोटं कशाला सांगू.

"भाऊ, मी तळमजल्यावर राहते," मी म्हटलं. "लिफ्टमध्ये मी वर्षात दोनदा चढते. तरी तुमच्याइतकेच पैसे भरते. का? कारण आपलं बिल वापरावर नाही. काही खर्च समान आहेत, काही क्षेत्रफळावर, आणि क्षेत्रफळ म्हणजे खरेदीखतात असेल ते. उद्या कुणी जिन्यात कपाट ठेवलं तर जिना त्याचा होत नाही. भिंत कुठे आहे ते मी मोजलं. ते मोजायचा मला अधिकारच नव्हता. मी खरेदीखत बघायला हवं होतं. तुमचं सहाशेचं आहे, त्यांचंही सहाशेचं आहे. वापरावर बिल हवं असेल तर आधी माझी लिफ्ट माफ करा, आणि चौथ्या मजल्याची दुप्पट करा."

चौथ्या मजल्यावरचे तीनही सभासद एकदम सावरून बसले.

"म्हणजे लिफ्टची तक्रार तुम्ही मागे घेताय?" सेक्रेटरींनी पेन उघडलं.

"लिहा," मी म्हटलं. दात ओठ खाऊन, पण म्हटलं.

"बिलं जुन्यासारखी व्हायला मूळ पावती लागेल," सेक्रेटरी थोरल्यांना म्हणाले. "तुमचे जास्तीचे पैसे परत मिळतील."

"पावती शोधावी लागेल," थोरले म्हणाले. "कुठे ठेवलीय आठवत नाही."

तेव्हा थोरल्या वहिनींनी पर्स उघडली. पावती वरच होती, दोन घड्या घातलेली. त्या उठल्या, टेबलापर्यंत चालत गेल्या आणि ती सेक्रेटरींसमोर ठेवली.

"अगं—" थोरले म्हणाले.

"त्या खोलीत मी झोपते," वहिनी म्हणाल्या. त्यांना सभेत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "सासूबाई गेल्यापासून रोज रात्री दिवा मालवते तेव्हा त्या विटांकडे बघते. ती खोली कुणाची हे मला बिलाने सांगायची गरज नाही."

त्या परत जागेवर येऊन बसल्या. थोरल्यांकडे कुणी बघितलं नाही, ही सभेने त्यांच्यावर केलेली मेहेरबानी होती. मागून धाकटीचा आवाज आला. ती फक्त एवढंच म्हणाली, "माझं फरकाचं बिल आजच भरते मी."

पुढच्या आठवड्यात कामाला सुरुवात झाली. ठेकेदाराचा मुकादम घराघरांत जाऊन आतून ओल आणि खिडक्या बघणार, प्रत्येक ठिकाणी सभासदाने सही द्यायची, आणि तपासनीस सोबत. थोरल्यांच्या घरात सगळं बघून झालं आणि आम्ही त्या खोलीत आलो. एक पलंग, एक कपाट, खिडकीखाली भिंतीला फुगवटा.

"इथे ओल आहे," मुकादमाने कागद पुढे केला. "सही करा."

थोरल्यांनी पेन घेतलं. कागदावर टेकवलं. मी काही बोलणार होते. आयुष्यात फार थोड्या वेळा मला वेळेवर गप्प बसायचं सुचलं आहे, त्यातली ही एक.

"थांबा जरा," थोरले म्हणाले. मग पेन खाली ठेवून बायकोला म्हणाले, "अगं, धाकटीला हाक मार. सही तिची लागेल."

धाकटी आली ती गळ्यात टेप तसाच घेऊन. उंबऱ्यावर थांबली. सासूबाई गेल्यापासून ती या खोलीत पहिल्यांदाच येत होती, तेही जावेच्या दारातून. तिने आधी खिडकी बघितली नाही. सरळ समोरच्या भिंतीकडे गेली आणि जिथे तिचं दार होतं तिथे तळवा टेकवला. मला रडू आलं आणि मी मुकादमाला उगाच प्लास्टरबद्दल काहीतरी विचारलं.

"केवढीशी आहे," ती म्हणाली. "मला वाटायचं, पुष्कळ मोठी आहे."

तिने सही केली. मुकादम कागद घडी घालत होता तेव्हा थोरले खिडकीबाहेर बघत बोलले, "गवंडी आलेच आहेत. तुझ्या बाजूचं दार मोकळं करून घे. माझ्या बाजूचं बंद करायला सांगतो. बाळ यायच्या आत होईल."

"हे काम सोसायटीच्या खर्चात बसत नाही," मुकादम म्हणाला. "वेगळं लिहावं लागेल. कुणाच्या नावावर लिहू?"

"माझ्या," थोरले म्हणाले.

"नाही भाऊजी," धाकटी म्हणाली. तिचा हात अजून भिंतीवरच होता. "समान वाटा. लिफ्टसारखा."

थोरल्यांनी मान डोलावली आणि चष्मा पुसायला काढला. थोरल्या वहिनी पलंगावरची चादर गोळा करायला लागल्या, आणि धाकटीने दुसरं टोक धरलं.